मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का?' – टीम कशी आहे आणि पुढे वाट आहे का, हे कळेल असं काय विचारावं?

चैत्रपालवी

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका सर्व्हिस कंपनीत जावा बॅकएंडचं काम करते, साडेचार वर्षं झाली. येत्या गुरुवारी एका युरोपियन बँकेच्या पुण्यातल्या टेक्नॉलॉजी सेंटरमध्ये हायरिंग मॅनेजरबरोबर राऊंड आहे, पाऊण तासाचा. टेक्निकलचे दोन्ही राऊंड पार पडलेत, यानंतर फक्त एचआर उरतं.

शेवटची पाच-सात मिनिटं मला प्रश्न विचारायला मिळतील. याआधी दुसरीकडे मी 'टीमचं कल्चर कसं आहे' असं विचारलं होतं. 'एकदम ओपन आहे, फ्लॅट स्ट्रक्चर आहे, शिकायला भरपूर वाव आहे' असं उत्तर मिळालं आणि हाती काहीच लागलं नाही. मला खरं तर दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. काही बिघडलं की तिथली माणसं एकमेकांशी कशी वागतात? आणि तीन-चार वर्षांनी मी तिथे कुठे असेन? सध्याच्या ठिकाणी तीन वर्षं त्याच पदावर आहे आणि दर एप्रिलला 'पुढच्या सायकलला नक्की' एवढंच ऐकते. पुन्हा तशाच जागी जाऊन पडायचं नाहीये.

शेखर_नाशिक

मी भरतीच्याच क्षेत्रात आहे म्हणून सांगतो. नकारात्मक वास येईल असं काही विचारू नका. 'आधीचा माणूस का सोडून गेला', 'रात्री काम असतं का' हे ऐकलं की समोरच्याच्या मनात शंका येते, ही मुलगी टिकेल का? त्यापेक्षा 'पहिल्या तीन महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल' आणि 'माझ्या प्रोफाइलमध्ये तुम्हाला काही कमी वाटतंय का' हे दोन विचारा. चांगली छाप पडते आणि शंका असेल तर तिथल्या तिथे दूर करता येते.

माधव_कऱ्हाड

ताई, बँकेच्या मुलाखतीत पॅनेलला उलट प्रश्न विचारायचे नसतात. माझा मुलगा आयबीपीएसच्या पीओच्या मुलाखतीला बसला होता, क्लासमध्ये त्यांना हेच बजावून सांगितलं होतं. तिथे प्रमोशनचे नियमही छापील असतात, स्केल एकमधून दोनमध्ये कधी जाता येतं ते आधीच ठाऊक असतं. मग विचारायचं काय?

चैत्रपालवी

माधवकाका, ही सरकारी बँकेतली नोकरी नाही हो. परदेशी बँकेचं सॉफ्टवेअर पुण्यात बनतं, त्या सेंटरमधली आहे. छापील नियम बाहेरच्याला दिसत नाहीत, म्हणूनच तर विचारावं लागतंय.

शेखर, तुमचा पहिला प्रश्न लिहून घेतला. दुसऱ्याने माझ्याबद्दल कळेल, पण त्यांच्याबद्दल काय कळणार?

सह्यवारा

चैत्रपालवी, मी अशाच एका सेंटरमध्ये टीम सांभाळतो आणि टेबलाच्या त्या बाजूला बरीच वर्षं बसलोय. जरा सविस्तर लिहितो.

'कल्चर कसं आहे' याचं उत्तर प्रत्येक मॅनेजरला पाठ असतं. तो खोटं बोलतो असं नाही, पण मत विचारलंत की मत मिळतं. मुलाखतीत आम्ही तुम्हाला 'टीमवर्क जमतं का' असं विचारत नाही, 'सहकाऱ्याशी मतभेद झाले तेव्हा काय केलंत, एक प्रसंग सांगा' असं विचारतो. तेच हत्यार आमच्यावर चालवा. घडून गेलेली एकच गोष्ट विचारा आणि उत्तर आलं की त्यातलाच एखादा धागा धरून दुसरा प्रश्न टाका. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला टिकत नाही. पाच-सात मिनिटांत असे तीन प्रश्न होतात, त्याहून जास्त नेऊ नका.

पहिला प्रश्न: 'या टीममध्ये शेवटचं प्रमोशन कोणाचं झालं आणि त्याआधी वर्षभर ती व्यक्ती काय काम करत होती?' नाव नको, काम हवं. 'आमच्याकडे मेरिटवर होतं' असं उत्तर आलं तर नम्रपणे पुन्हा त्या शेवटच्या व्यक्तीकडे या. ज्याने खरोखर कोणासाठी तरी खटपट केलेली असते, त्याला तपशील आठवतो: कोणतं काम, किती महिने, पहिल्या वेळी का अडलं. मग जोडप्रश्न: 'तुम्ही नाव सुचवल्यावर पुढे कोण ठरवतं?' बऱ्याच मोठ्या कंपन्यांत मॅनेजर फक्त शिफारस करतो. पुढे सगळे मॅनेजर एका बैठकीत बसतात, आपापली माणसं मांडतात, वरच्या रेटिंगच्या आणि प्रमोशनच्या जागा बजेटप्रमाणे ठरलेल्या असतात, मग कापाकापी होते. तिथे तुमचा मॅनेजर तुमच्या बाजूने बोलू शकतो का, त्याचा शब्द चालतो का, यावर तुमची वाढ ठरते. ही बैठक तो मोकळेपणाने समजावून सांगत असेल तर पुढे तुमच्याशीही मोकळा राहील, असं समजायला हरकत नाही.

सेंटरच्या बाबतीत आणखी एक विचाराच. 'टेक्निकल वाटेवर पुण्यात सगळ्यांत वरच्या पदावर कोण आहे आणि त्याचं काम काय?' काही सेंटरमध्ये आर्किटेक्ट आणि प्रिन्सिपल इंजिनिअर सगळे मुख्यालयात असतात. पुण्यात लीडच्या पुढे गेलं की माणसं सांभाळायची, नाहीतर थांबायचं. ज्याला कोडच लिहायचा आहे त्याने हे आधी माहीत करून घ्यावं.

दुसरा प्रश्न प्रॉडक्शनचा: 'गेल्या सहा महिन्यांत प्रॉडक्शनला मोठी अडचण कधी आली होती? नंतर काय बदललं?' इथे वाक्याचा कर्ता कोण आहे ते कान देऊन ऐका. 'एका ज्युनिअरने न बघता टाकलं' असं असेल तर चूक कोणाच्या नावावर जाते ते कळलं. 'अलर्ट लागलेला नव्हता, आता लावला' असं असेल तर ती टीम प्रक्रियेकडे बघते. 'आमच्याकडे अडचणी येत नाहीत' असं कोणी म्हणालं, तर एक तर तो सांगत नाहीये, नाहीतर सिस्टिमवर कोणाचं लक्ष नाहीये.

तिसरा साधा आहे: 'ही जागा नवीन आहे की कोणाच्या जागी आहे?' शेखर म्हणतात त्यात तथ्य आहे, 'का सोडून गेला' हा प्रश्न बोचतो. पण जागा नवीन की जुनी यात बोचण्यासारखं काही नाही. सांगायचं असेल तर पुढचं तो आपणहून सांगतो.

कोथरूडचा_कोडर

एवढी शोधाशोध कशाला? जोएल स्पोल्स्कीची २००० सालची १२ प्रश्नांची चाचणी आहे ना. सोर्स कंट्रोल वापरता का, एका पायरीत बिल्ड होतो का, नवा कोड लिहिण्याआधी बग सोडवता का, टेस्टर आहेत का. सगळ्यांची उत्तरं हो किंवा नाही. बारापैकी किती ते मोजलं की टीम कळते.

सह्यवारा

चाचणी चांगली आहे, त्या काळात तिने बऱ्याच कंपन्यांचे डोळे उघडले. पण सोर्स कंट्रोल किंवा रोजचा बिल्ड या प्रश्नांना आज जवळपास सगळीकडे 'हो'च येतं, त्यामुळे टीमाटीमांतला फरक दिसत नाही. आणि हो-नाही प्रश्नाला मॅनेजर एका शब्दात सुटतो. 'शांत जागेत काम करता येतं का' हा त्यातला प्रश्न मात्र मला अजूनही आवडतो. आणि त्या बारांत प्रमोशनबद्दल एकही नाही, जे चैत्रपालवीचं खरं दुखणं आहे.

कोथरूडचा_कोडर

मान्य, वाढीबद्दल त्यात काही नाही. तरी 'रिलीज कोण करतं आणि कोणत्या वारी' एवढं तरी विचाराच. शुक्रवारी रात्री रिलीज करणाऱ्या टीममध्ये शनिवार आपला नसतो.

रेवा_ठाणे

यात ऑन-कॉलचं गणितही घाला. 'ऑन-कॉल आहे का' असं नका विचारू, 'रोटेशनमध्ये किती जण आहेत' असं विचारा. आठवड्याची पाळी आणि चार जण म्हणजे दर चौथा आठवडा, वर्षातले १३ आठवडे फोन उशाशी. आठ जण असतील तर साडेसहा. मग 'गेल्या पाळीत रात्री किती वेळा उठावं लागलं' आणि 'दुसऱ्या दिवशी उशिरा आलं तर चालतं का'. हे मॅनेजरपेक्षा टीममधल्या कोणाला विचारलं तर खरं कळतं. रात्री उठणारा तोच असतो.

आणि युरोपचा वेळ लक्षात ठेवा. फ्रँकफर्ट उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. त्यांची दुपारी चारची मीटिंग जुलैत आपल्याकडे साडेसातला आणि डिसेंबरात साडेआठला. 'टीमची रोजची शेवटची मीटिंग किती वाजता असते आणि हिवाळ्यात ती सरकते का' असं विचारलं की पुण्याच्या माणसांच्या संध्याकाळची किती पर्वा केली जाते ते एका उत्तरात दिसतं.

अबोली_९

थोडं वेगळं विचारते. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली, पुढच्या वर्षी बाळाचा विचार आहे आणि नोकरीही बदलायची आहे. रजेवरून परत आलेल्या बायकांना तिथे कसं वागवतात हे कळायला हवं, पण विचारलं की माझा बेत उघड होतो. मग निवड होईल का? इथल्या कोणाला काही सुचतं का?

रेवा_ठाणे

अबोली, हे मुलाखतीत स्वतःबद्दल म्हणून विचारायची गरज नाही. मी असं विचारलं होतं: 'टीममधलं कोणी तीन-चार महिने लांब राहिलं, आजारपण असो, शिक्षण असो की रजा, तर त्यांचं काम कसं वाटून घेतलं? परत आल्यावर त्यांना तेच काम मिळालं का?' समोरच्या मॅनेजरने आपणहून एका मुलीचं उदाहरण दिलं. ती २६ आठवड्यांनी परत आली, तिचं मॉड्यूल दोघांनी तात्पुरतं सांभाळलं आणि ती आल्यावर परत तिच्याकडे दिलं. 'परत आल्यावर' या दोन शब्दांकडे लक्ष ठेव. काही ठिकाणी रजा नीट मिळते, पण परत आल्यावर सपोर्टचं काम गळ्यात पडतं आणि त्या वर्षीचं रेटिंग मधलं लागतं.

दुसरी गोष्ट विचारायची नाही, माहीत असायची आहे. पगारी मातृत्व रजेसाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्याच कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं. नोकरी बदलायची तारीख त्या हिशेबाने ठरव.

अबोली_९

रेवाताई, मनापासून धन्यवाद. ८० दिवसांचं मला खरंच माहीत नव्हतं.

चैत्रपालवी

गुरुवारचा राऊंड झाला. मॅनेजर नीट बोलले, शेवटी दहाएक मिनिटं मिळाली. जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, तुम्ही अर्थ लावा.

जागा नवीन आहे का विचारलं. म्हणाले, 'दोन जागा आहेत. एक नवीन आहे, दुसरी आमचा एक जण इथेच पेमेंट्सच्या टीममध्ये गेला म्हणून.' मी विचारलं, असं आतल्या आत जायला किती काळ थांबावं लागतं? '१८ महिने, आणि मॅनेजरची संमती लागते.'

मग प्रमोशन. सुरुवातीला 'परफॉर्मन्सवर' असंच उत्तर आलं. शेवटचं कोणाचं झालं हे विचारल्यावर थोडे थांबले. म्हणाले, 'मला इथे येऊन आठ महिने झालेत, माझ्या हाताखाली अजून एकही सायकल झालेली नाही. माझ्याआधी एक मुलगी सीनिअर झाली, तीन वर्षांनी. तिने रात्रीची सेटलमेंटची बॅच नव्या सिस्टिमवर नेली होती.' पुढे कोण ठरवतं विचारलं तर 'पुण्यातल्या मॅनेजरांची बैठक होते, मग शेवटची सही फ्रँकफर्टची' असं सांगितलं.

प्रॉडक्शनची अडचण विचारली तेव्हा मात्र ते खुलले. मे महिन्यात एक फाइल दीड तास उशिरा गेली होती. 'चुकीचं कॉन्फिगरेशन आमच्याकडून गेलं. एकच जण बदल करून तोच पुढे ढकलू शकत होता, ते आता बंद केलं, दुसऱ्याची मंजुरी लागते.' मी विचारलं, फ्रँकफर्टला कोणी सांगितलं? 'मी. टीमला त्या कॉलवर घेतलं नव्हतं.'

ऑन-कॉलला सहा जण आहेत. मीटिंगच्या वेळा विचारायच्या राहिल्या.

सह्यवारा

छान विचारलंत, विशेषतः फ्रँकफर्टला कोणी सांगितलं हा. वरच्यांची बोलणी स्वतः खाऊन टीमला बाजूला ठेवणारा मॅनेजर असेल तर वातावरणाची बाजू मला भक्कम वाटते.

माणूस आतल्या आत दुसऱ्या टीममध्ये जाऊ शकला हीही जमेची बाजू. 'मॅनेजरची संमती' हा शब्द मात्र खटकतो. चांगल्या माणसाला सोडायला कोणीच राजी नसतं. मागच्या माणसाला किती दिवसांत सोडलं ते कळलं तर बघा.

वाढीच्या बाबतीत अजून अंधार आहे. ते आठ महिन्यांचे आहेत हे त्यांनी लपवलं नाही, हा प्रामाणिकपणा मोठा. पण त्या बैठकीत ते स्वतः अजून एकदाही बसलेले नाहीत. तुमच्यासाठी ते भांडतील की नाही हे आज त्यांनाही सांगता येणार नाही. तेव्हा त्यांच्या वरच्या माणसाशी पंधरा मिनिटं मागा.

शेखर_नाशिक

मी इथे सहमत नाही. ऑफर हातात नसताना वरच्या माणसाचा वेळ मागणं जास्तच होतं. शेवटच्या पायरीवर असा आग्रह धरला म्हणून हातची जागा दुसऱ्याकडे गेल्याचं मी पाहिलंय. एचआर होऊ द्या, ऑफर लेटर आलं की मागा. तेव्हा त्यांनाही तुम्ही हव्या असता आणि सही करायची की नाही ते तुमच्या हातात असतं.

सह्यवारा

वेळेबद्दल शेखर म्हणतात ते पटलं. ऑफरनंतर, सहीच्या आधी. पण मागायचंच नाही, याला माझी तयारी नाही.

शेखर_नाशिक

एवढं चालेल. आता एचआरच्या राऊंडसाठी माझ्या कामातली गोष्ट सांगतो. वाढीचे प्रश्न एचआरला विचारू नका, त्यांच्याकडून पॉलिसीचं उत्तर येईल. पण तारखांचे प्रश्न त्यांनाच विचारा. 'अप्रेझलची सायकल कोणती आणि कोणत्या तारखेनंतर रुजू झालेले त्या सायकलला धरले जात नाहीत?' तुमचा नोटीस पिरियड किती?

चैत्रपालवी

९० दिवस. आज एचआरचा राऊंडही झाला आणि हे विचारलं. सायकल जानेवारी ते डिसेंबर, वाढ एप्रिलच्या पगारापासून. ३० सप्टेंबरनंतर रुजू झालं तर त्या वर्षीच्या सायकलमध्ये धरत नाहीत.

शेखर_नाशिक

मग हिशेब करा. ऑफर ऑगस्टच्या सुरुवातीला आली, ९० दिवस नोटीस, म्हणजे रुजू नोव्हेंबरात. येणारा एप्रिल कोरडा जाणार. पहिली वाढ त्याच्या पुढच्या एप्रिलला, म्हणजे रुजू झाल्यापासून १७ महिन्यांनी. त्यांनी बेसवर दिलेली वाढ १२ महिन्यांची समजून तुलना केलीत तर फसगत होते. दोन मार्ग आहेत. एक तर नोटीस बायआउट त्यांनी भरावा आणि तुम्ही ३० सप्टेंबरच्या आत या, पण त्यासाठी तुमच्या आताच्या कंपनीने लवकर सोडायला हवं. नाहीतर हाच हिशेब दाखवून बेस आत्ताच वाढवून मागा. दुसरं सोपं पडतं, कारण एचआरला हे गणित ठाऊक असतं, समोरून कोणी मांडत नाही एवढंच.

मुक्ता_इंजिनिअरिंग

मी शेवटच्या वर्षाला आहे, आमच्याकडे कॅम्पस सुरू होतंय. आम्हाला तर दहा मिनिटांत बाहेर काढतात. मी प्रमोशनचं विचारलं तर आगाऊपणा वाटेल ना?

रेवा_ठाणे

मुक्ता, तिथे एकच विचार: 'मागच्या वर्षी आमच्या कॉलेजातून घेतलेल्या मुलांना ट्रेनिंगनंतर कोणत्या कामावर टाकलं?' आणि उत्तर काहीही आलं तरी त्या सीनिअर्सना फोन कर. कॅम्पसच्या पॅनेलवर बसलेला माणूस बहुधा तुझा मॅनेजर होणार नसतो, त्यामुळे टीमबद्दल त्याला विचारून उपयोग कमी.

माधव_कऱ्हाड

हे सगळं वाचून मुलाला पाठवलं. तो आता खाजगी बँकेच्या मुलाखतीची तयारी करतोय. तिथे ब्रँचला बदली किती वर्षांनी होते आणि टार्गेट चुकलं तर काय होतं, हे विचारलं तर चालेल का?

शेखर_नाशिक

बदलीचं खुशाल विचारा काका. टार्गेटचं असं फिरवून विचारायला सांगा: 'गेल्या तिमाहीत ब्रँचमधल्या किती जणांचं टार्गेट पूर्ण झालं?' दहापैकी दोघांचंच झालं असेल तर टार्गेटच अवाजवी आहे, आणि ते चुकल्यावर काय होतं ते वेगळं विचारावं लागत नाही.

चैत्रपालवी

ऑफर आली. बेससाठी १७ महिन्यांचा हिशेब मेलवर मांडलाय, उत्तराची वाट बघतेय. मॅनेजरच्या वरच्या बाईंशी सोमवारी वीस मिनिटं ठरलीत, मागितल्यावर लगेच दिली. टीममधल्या एकाशीही बोलणं झालं. रोजची शेवटची मीटिंग पुण्याच्या साडेसहाला असते आणि हिवाळ्यात ती न सरकवता फ्रँकफर्टवाले तासभर लवकर येतात, असं तो म्हणाला. पेमेंट्समध्ये गेलेल्या माणसाला सोडायला मात्र पाच महिने लागले. सोमवारी त्या बाईंना पहिलं हेच विचारणार आहे. आणि पुण्यात लीडच्या वर टेक्निकल कोण आहे, तेही.